ऐंशीच्या पुढचा फंडा

इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीतलं ते वाक्य कधी नीट वाचलंय? ‘१० ते ८० टक्के, अमुक मिनिटांत!’ कंपनी कुठलीही असो, गाडी दहा लाखांची असो की पन्नास लाखांची, गाडी येऊन थांबते ती ८० वरच. शंभर टक्क्यांना किती वेळ लागतो, ते कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. कारण सोपं आहे. ते छापलं तर जाहिरातीतला सगळा ‘फास्ट’पणा पाण्यात जाईल.

फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर गाडी अचानक गोगलगाय होते, हे ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना माहीत असतं. पण का होते, असं विचारलं की दहा जणांकडून दहा थिअऱ्या ऐकायला मिळतात. चार्जर खराब आहे, व्होल्टेज कमी आहे, जास्त बिल लावायची ट्रिक आहे, वगैरे. आमच्या घरातही हा वाद झाला आणि तो चांगलाच टाइट टायमिंगला झाला. चुलतभावाचा कोल्हापूरला साखरपुडा. वेळ संध्याकाळी साडेपाचची. दादाच्या नव्या गाडीत दादा, काका, मी आणि माझ्या पर्समध्ये अंगठी! मुंबईहून फुल्ल चार्ज करून निघालो आणि साताऱ्याजवळ हायवेच्या चार्जरवर पोचलो, तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि बॅटरीत २० टक्के उरले होते.

२ वाजून ५० मिनिटांनी स्क्रीनवर ८० आले. दादा गन काढायला उठला, तर काका म्हणाले, ‘‘अरे, टाकी फुल्ल करूनच निघावं. वीस टक्क्यांसाठी कशाला घाई?’’ मागे एक कुटुंब त्यांच्या गाडीत ९ टक्के घेऊन वाट बघत होतं. दादाने काही न बोलता स्क्रीनवर बोट ठेवलं. सुरुवातीला ५० किलोवॉटने वीज घेणारी गाडी आता ३० वर आली होती आणि आकडा अजून खाली जात होता. साताऱ्याहून कोल्हापूर साधारण १२० किलोमीटर. आमच्या गाडीचा एक टक्का म्हणजे हायवेवर ढोबळ तीन किलोमीटर. म्हणजे लागणार ४० टक्के, हातात ८०. आम्ही निघालो आणि पाच-दहाला हॉलवर पोचलो. काका मात्र गाडीत एकच प्रश्न विचारत होते, ‘‘पेट्रोलचा पंप शेवटच्या दहा लिटरला असा रडतो का रे?’’

प्रश्न एकदम योग्य आहे. त्याचं उत्तर मला मिळालं ते माझ्या एका मैत्रिणीकडून. ती चाकणला बॅटरी पॅकवर काम करते. ती म्हणाली, ‘‘अगं, टाकीत पेट्रोल ओततात. बॅटरीत काही ओतत नाहीत. तिथे लोकांना खुर्च्यांवर बसवायचं असतं.’’

म्हणजे असं, की लिथियम-आयन सेलच्या दोन बाजू असतात. चार्जिंग म्हणजे एका बाजूचे लिथियमचे आयन मधल्या द्रवातून दुसऱ्या बाजूला नेणं. ही दुसरी बाजू बहुतेक वेळा ग्रॅफाइटची, म्हणजे शिसपेन्सिलीतलंच मटेरियल. ग्रॅफाइटचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि आयनांना त्या थरांच्या मधे शिरून बसायचं असतं. जागा मोजक्या आहेत. सेल फुल्ल म्हणजे कार्बनच्या दर सहा अणूंमागे एक लिथियम, त्याहून जास्त नाही.

आता नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. दारं उघडली की पहिले दोनशे लोक पटापट बसतात, कारण कुठलीही खुर्ची चालते. हाऊसफुल्ल व्हायला आलं, की उरलेल्या खुर्च्या सगळ्या मधल्या असतात. ‘एक्स्क्यूज मी’ करत, गुडघे ओलांडत आत जावं लागतं. दारातून आत येणाऱ्यांचा स्पीड तोच ठेवला, तर गर्दी दाराशीच तुंबते. ग्रॅफाइटमध्ये नेमकं हेच होतं. कणाच्या पृष्ठभागाजवळच्या जागा भरतात आणि आतल्या जागांपर्यंत सरकायला आयनांना वेळ लागतो. मागून मात्र चार्जर ढकलतच असतो.

तुंबलेल्या गर्दीचं पुढे काय होतं, तिथे खरी गोम आहे. आत शिरायला न मिळालेला लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतो. याला ‘लिथियम प्लेटिंग’ म्हणतात. त्यातला बराचसा लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची कमी होते. आणि हा थर काट्यांसारखा वाढत मधला पडदा भेदून पलीकडे पोचला, तर सेलच्या आत शॉर्ट सर्किट!

गंमत म्हणजे, धातूच्या लिथियमला सेलबाहेर ठेवण्यासाठीच आजची बॅटरी जन्माला आली. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत धातूचा लिथियमच होता आणि तो भलताच स्फोटक निघाला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी त्या जागी कार्बनचं मटेरियल वापरलं आणि १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि जॉन गुडइनफ यांना मिळालं, ते याच कामासाठी. जो पाहुणा एवढ्या मेहनतीने घराबाहेर काढला, त्याला पाच-दहा मिनिटं वाचवायला परत आत कोण घेईल?

म्हणून गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, वॉचमनचं काम करते. फास्ट चार्जरवर गाडी दर क्षणी सांगत असते, ‘आता एवढा करंट दे’ आणि चार्जर जास्तीत जास्त तेवढाच देतो. तेव्हा ८० नंतर वेग कमी करते ती गाडी, चार्जर नव्हे. याला व्होल्टेजचीही एक मर्यादा असते. बऱ्याच गाड्यांमधल्या सेलला सुमारे ४.२ व्होल्टच्या वर नेता येत नाही, लिथियम आयर्न फॉस्फेट सेलला साधारण ३.६५. जोरात ढकललं, की व्होल्टेजचा काटा आधीच वर चढलेला दिसतो, त्यामुळे छत लवकर लागतं. छत लागलं, की पुढे एकच उपाय उरतो. व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू कमी करत जायचं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी परत येताना काही घाई नव्हती. पुन्हा तोच चार्जर, पुन्हा २० टक्के आणि मागे लाइनीत कुणीच नाही. काका सावलीत डुलक्या काढत होते. मी वही काढून स्क्रीनवरचे आकडे लिहीत बसले. आमची बॅटरी ४५ युनिटची, म्हणजे ४५ किलोवॉट-अवरची. २० पासून ५० टक्क्यांपर्यंत गाडी ५० किलोवॉटवर ठाम होती. ६० ला ४६, ७० ला ४२, ८० ला ३०. मग ८५ ला २२, ९० ला १५, ९५ ला ८ आणि शेवटी जेमतेम ४. हे आकडे कागदावर जोडले, की जी रेघ मिळते तिलाच चार्जिंग कर्व्ह म्हणतात. आधी सपाट पठार, मग उतार आणि शेवटी घाटाचं उतरणं.

वेळेचा हिशोब याहून बोलका आहे. २० ते ८० टक्के, म्हणजे १८० किलोमीटरची रेंज, ३५ मिनिटांत. दर मिनिटाला सुमारे पाच किलोमीटर. ८० ते १०० टक्के, म्हणजे फक्त ६० किलोमीटर, त्याला ४६ मिनिटं. त्यातल्या शेवटच्या पाच टक्क्यांनीच २२ मिनिटं खाल्ली! त्या २२ मिनिटांत गाडीत आले १५ किलोमीटर, तेवढ्यात ती हायवेवर याच्या दुप्पट अंतर सहज कापते. आणि त्या शेवटच्या टप्प्यात सरासरी वेग होता सहा किलोवॉट, म्हणजे घरी भिंतीवर लावलेल्या सात किलोवॉटच्या चार्जरपेक्षाही कमी. फास्ट चार्जरचा दर मोजून घरगुती स्पीड!

यातून एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. ८० हा काही जादूचा आकडा नाही. बॅटरीत तिथे भिंत वगैरे बांधलेली नसते. घरच्या सात किलोवॉटवर हीच गाडी ८० चा टप्पा तशीच ओलांडते आणि वेग कमी होतो तो अगदी शेवटच्या काही टक्क्यांत. कारण प्रेक्षक मुळातच एक-एक करून येतायत, दाराशी गर्दी होतच नाही. म्हणजे अडचण ८० ची नाही, घाईची आहे. वळण कुठे येणार, ते गाडीवर अवलंबून असतं. काही गाड्या ५०-६० पासूनच हळू होतात, काही ८० पर्यंत दम धरतात. बॅटरी थंड असेल, तर आयन आणखी सावकाश सरकतात आणि कर्व्ह सुरुवातीपासूनच खाली राहतो.

चार्जर खराब आहे की गाडीच सावरून घेतेय, हे ओळखायचीही सोपी खूण आहे. किलोवॉटचा आकडा टक्क्यांच्या आकड्यासोबत वाचा. ३५ टक्क्यांवर गाडी १५ किलोवॉटच घेत असेल, तर शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागून वीज वाटली जातेय का ते बघा. तसं नसेल, तर बॅटरी फार तापलीय किंवा गारठलीय किंवा चार्जरमध्येच बिघाड आहे, अशा वेळी दुसरा चार्जर शोधण्यात अर्थ आहे. पण ९० टक्क्यांवर १५ किलोवॉट दिसले, तर तो कर्व्ह आहे. शेजारचा मोठा चार्जर लावूनही ढिम्म फरक पडणार नाही.

मग शंभर टक्के करायचेच नाहीत का? करायचे की! लांबच्या ट्रिपच्या आदल्या रात्री, घरी, निवांत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल, तर टक्क्यांचा काटा बरोबर दाखवावा म्हणून अनेक कंपन्या अधूनमधून फुल्ल करायलाच सांगतात. आणि पुढचा चार्जर खरंच लांब असेल, तर हायवेवरही थांबून भरून घ्या, वेळ जाणार हे धरून. एरवी लांबच्या प्रवासात चार्जरवर कमी टक्के घेऊन पोचायचं आणि पुढच्या टप्प्याला लागतात त्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त झाले, की निघायचं. साताऱ्याहून कोल्हापूरला जायला आम्हाला खरं तर साठही पुरले असते.

आणि एकदा तरी, लाइनीत कुणी नसताना, आपल्या गाडीचे आकडे दर दहा टक्क्यांना लिहून काढा. कंपनीचं ब्रोशर कमाल किलोवॉट सांगतं, पण ते किती मिनिटं टिकतात, हे त्या वहीतच कळतं. आमच्या काकांनी आता त्या आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय आणि नातेवाइकांना तेच लेक्चर देतात. फक्त टाकीला अजून टाकीच म्हणतात.