मंगळागौरीच्या डब्यातला मस्कारा

मुलुंडमध्ये मी लग्नांचे मेकअप करते. श्रावणात मात्र माझी गिऱ्हाइकं नवऱ्या नसतात, मंगळागौरीचे ग्रुप असतात. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे मंगळागौरी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सुरू झाल्या होत्या, आणि जुलैपासून मुंबईत डोळ्यांची साथ होती. त्याच दिवसांत घाटकोपरच्या एका ग्रुपने मला बोलावलं.

ग्रुपचा स्वतःचा मेकअपचा डबा होता. त्यात एकच मस्कारा, सगळ्यांचा. काकूंनी तो हातात दिला आणि म्हणाल्या, "ताई, मागच्या वर्षीचाच आहे, पण भरलेला आहे. सुकला होता, म्हणून गुलाबपाणी घातलंय. एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे, बघा."

तारीख खरी होती, पण ती न उघडलेल्या नळीची. उघडल्यानंतर किती महिने वापरायचं, ते पाठीवरच्या उघड्या डबीच्या छोट्या चिन्हात असतं. त्या नळीवर 6M होतं, म्हणजे सहा महिने. डोळ्यांचे डॉक्टर त्याहून कडक असतात, ते तीनच महिने सांगतात. हा काही कायदा नाही, अंदाजाने ठरवलेली मर्यादा आहे. पण तिच्यामागचं कारण पक्कं आहे. ब्रश पापणीला लागतो आणि तिथले जंतू घेऊन नळीत परत जातो. आत ओल असते, अंधार असतो. जंतू मरावेत म्हणून मस्काऱ्यात संरक्षक द्रव्य घातलेलं असतं, पण रोज नवी भर पडत गेली की ते कमी पडायला लागतं. गुलाबपाणी घातलं की ते द्रव्य आणखी पातळ होतं. म्हणजे काकूंनी नळी वाचवली आणि जंतूंचीही सोय केली. शिवाय अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन प्रसाधनं 29 अंशांच्या वर ठेवू नका असं सांगतं. आमच्याकडे एवढा थंड कोपरा फ्रिज सोडला तर कुठे मिळणार?

मी म्हटलं, "काकू, हा वापरायचा नाही." त्यांना ते आवडलं नाही. ग्रुपमधली एक मुलगी मात्र लगेच म्हणाली, "मला मागच्या कार्यक्रमानंतर रांजणवाडी झाली होती." ती याच मस्काऱ्याने झाली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. रांजणवाडी करणारे जंतू बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरचे असतात. पण एका ब्रशने सगळ्यांच्या पापण्या रंगवल्या की एकीचे जंतू दुसरीकडे जाणारच. साथीचा विषाणू तर वस्तूंवर कित्येक दिवस टिकतो, आणि मस्काऱ्यातल्या संरक्षक द्रव्यावर त्याच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. तीन महिन्यांचा हिशेब एका माणसाच्या नळीचा आहे. सामायिक नळी कालच उघडलेली असली तरी ती सुरक्षित नाही.

खरी भीती रांजणवाडीची नाहीच, ती आठ-दहा दिवसांत बहुधा बरी होते. भीती बुबुळाला ओरखडा जाण्याची आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात लुई विल्सन या नेत्रतज्ज्ञाने अशा स्त्रिया पाहिल्या, ज्यांना मस्काऱ्याचा ब्रश डोळ्यात लागला आणि त्यातल्या स्यूडोमोनास जंतूने बुबुळावर व्रण झाला. हा जंतू शाबूत बुबुळात सहसा शिरत नाही, पण ओरखडा मिळाला की एक-दोन दिवसांत खोल जातो आणि नजर कायमची अधू करू शकतो. फास्ट लोकलमध्ये उभ्याने मस्कारा लावणाऱ्या बायका दिसतात, तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. लेन्स लावणाऱ्यांना तर धोका आणखी जास्त.

त्या दिवशी मी माझी नवी नळी काढली. टाकून द्यायचे ब्रश शंभराच्या पाकिटात स्वस्त मिळतात. एक ब्रश नळीत एकदाच बुडवायचा, एका डोळ्याला लावायचा आणि फेकायचा. दुसऱ्या डोळ्याला नवा. पुन्हा रंग हवा असला तरी वापरलेला ब्रश परत आत जात नाही. काजळ-पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्याने तासायची आणि टोकावर स्पिरिट मारून पूर्ण वाळू द्यायची. मस्काऱ्याच्या नळीत मात्र स्पिरिट ओतून काही साधत नाही, ते डोळ्यालाच झोंबतं. एकीचा डोळा लाल होता, तिला मी डोळ्याचा मेकअप केलाच नाही. ती फुगडीला रुसून आली, पण आली.

काकूंनी एकच प्रश्न विचारला: "वास येत नाही, मग खराब कसा?" वास बदलला, गुठळ्या झाल्या, तर टाकायचाच; पण जंतू वाढलेल्या नळीला वास येईलच असं नाही. म्हणून उघडल्याची तारीख मार्करने नळीवर लिहायची. रोज न लावणाऱ्यांनी छोटी नळी घ्यावी.

ब्रश लागल्यानंतर डोळा दुखत राहिला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. स्टिरॉइडचे निघाले तर व्रण चिघळेल. लेन्स काढा, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि ती नळी सोबत न्या, तपासायला उपयोगी पडते.