रविवारचा झाला आठवडा

रशियन भाषेचा ज्याने वर्षानुवर्षे व्यासंग केला आहे, अशा भाषांतरकाराकडे युक्रेनियन मजकूर आला असता तो सहसा नाही म्हणत नाही. लिपी जवळजवळ तीच, धातू बव्हंशी तेच, आणि पहिल्या परिच्छेदातले निम्मेअधिक शब्द ओळखीचे हसू हसत पुढे येतात. तेव्हा उरलेले शब्द कोशात पाहून निभावेल, असा त्याचा समज होतो. माझ्या मते येथेच त्याची गफलत होते, कारण अनोळखी शब्द तो कोशात पाहतोच. दगा देतात ते ओळखीचे.

ओळखीच्या शब्दांतही भीषण दिसणारे शब्द मला कमी घातक वाटतात. न्यायालयीन दप्तरात आढळावे असे एक साधे युक्रेनियन वाक्य घ्या: 'स्वीद्का पितालि, दे वीन मेश्काये.' 'तो कोठे राहतो, असे साक्षीदारास विचारण्यात आले,' एवढाच त्याचा अर्थ. पण 'पिताति' म्हणजे विचारणे, याच्याशी जुळणारे रशियन क्रियापद 'पितात्य' याचा आजचा अर्थ छळ करणे, आणि 'मेश्काति' म्हणजे वास्तव्य करणे, याच्या रशियन जुळ्याचा अर्थ रेंगाळणे; त्यामुळे रशियन चष्म्यातून पाहणाऱ्यास 'तो कोठे रेंगाळतो, म्हणून साक्षीदाराचा छळ करण्यात आला' असे काहीतरी दिसते. मूळ धातू दोन्हीकडे पृच्छेचाच. जिज्ञासू या अर्थाच्या 'पित्लिवी' या रशियन विशेषणात तो अद्याप शाबूत आहे. परंतु जुन्या रशियात सरकारी चौकशी आणि यातना यांची सांगड पडली, आणि 1801 साली पहिल्या अलेक्झांडरने न्यायालयीन छळ हुकमाने बंद केल्यानंतरही शब्दाला चिकटलेला अर्थ सुटला नाही. युक्रेनियनात छळासाठी 'कातुवाति' हा निराळा शब्द आहे. आता, साक्षीदाराचा छळ झाल्याचे तपास अधिकारी स्वतःच्या सहीनिशी लिहून ठेवील काय, हा प्रश्न कोणाही शहाण्या भाषांतरकाराच्या मनात येतो आणि तो थबकतो. सुंदर या अर्थाचा युक्रेनियन 'व्रोद्लिवी' आणि कुरूप या अर्थाचा रशियन 'उरोद्लिवी' यांचेही तसेच. विसंगतीच चोराला पकडून देते.

खरा धोका चुकीचा अर्थही वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतो तेथे असतो, आणि कालवाचक शब्द या बाबतीत फार कावेबाज आहेत. युक्रेनियन 'नेदील्या' म्हणजे रविवार; रशियन 'न्येद्येल्या' म्हणजे आठवडा. 'काहीही न करणे' या मूळ अर्थाप्रमाणे हा शब्द प्राचीन स्लाव भाषेत विश्रांतीच्या दिवसाचाच वाचक होता. पुढे रशियनने तो सबंध आठवड्याला दिला आणि रविवारासाठी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे नाव घेतले. तरी सोमवारास 'न्येद्येल्ये'नंतरचा या अर्थाचे जुने नाव तेथेही कायम आहे, आणि रशियन चर्चच्या पंचांगात 'न्येद्येल्या' अजून रविवारच असते. युक्रेनियन आठवडा म्हणजे 'तिज्देन'. तेव्हा 'उत्तर दो नेदीली', म्हणजे रविवारपर्यंत, 'पाठवीन' असे कोणी शुक्रवारी लिहिले, तर त्याने दोन दिवसांची मुदत मागितलेली असते. भाषांतरात ती सात दिवसांची होते, आणि दोन्ही मुदती सारख्याच सभ्य दिसत असल्यामुळे तपासनीसाची लेखणी तेथे अडत नाही.

'च्यास' हा शब्द त्याहून लबाड. युक्रेनियनात तो काळ किंवा वेळ, रशियनात तास. युक्रेनियन तासाला 'होदिना' म्हणतात. 'नाम पोत्रीबेन च्यास', म्हणजे 'आम्हांस वेळ हवा आहे,' असे वाटाघाटीत एका पक्षाने म्हटले, तर रशियन वळणाचा दुभाषी 'आम्हांस एक तास हवा' असे सांगून मोकळा होतो, कारण 'एक' हा शब्द उच्चारण्याची सक्ती या भाषांत नाही. तासाभराने समोरचा पक्ष घड्याळ पाहू लागला, की मग गैरसमजाची फेड करीत बसावे लागते. मराठी माणसाला हिंदीतल्या 'शिक्षा' शब्दाचा अनुभव आहे, म्हणून त्याने तरी यात सावध असावे. पण त्याचे रशियन जितके पक्के, तितका तो अधिक निर्धास्त असतो, असे मी पाहिले आहे.

मग 'नेदील्या' दिसताच डोळे मिटून रविवार लिहावा काय? तेही नाही. खेड्यांतल्या बोलीत, आणि जुन्या साहित्यातही, हा युक्रेनियन शब्द आठवडा या अर्थाने येतो. शिवाय दोन्ही भाषांची सरमिसळ होऊन बनलेली 'सूर्झिक' नावाची बोली बोलणारा मनुष्य रशियन अर्थ सर्रास वापरतो. शब्दामागे संख्या असली, जसे 'द्वी नेदीली', तर दोन रविवार की दोन आठवडे, याचा निवाडा त्या वाक्यावरून होत नाही. अशा वेळी मी त्याच माणसाची उरलेली जबानी चाळतो: आठवड्याला तो अन्यत्र 'तिज्देन' म्हणत असेल, तर त्याची 'नेदील्या' बहुधा रविवार, आणि रविवाराला त्याने रशियन नाव दिले असेल, तर ती आठवडा.