समुपदेशक मॅडमना एक पत्र

सध्या मी सिक्कीममध्ये फील्ड पोस्टिंगवर आहे आणि कुटुंब जबलपूरच्या क्वार्टरमध्ये. मुलगी नववीत आहे, ही तिची पाचवी शाळा. सहामाही परीक्षेनंतर तिच्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमना मी हे पत्र इंग्रजीत लिहिले. पाठवण्याआधी तिने ते वाचले आणि दोन वाक्ये खोडली. तिच्याच परवानगीने ते इथे मराठीत देतो आहे. फौजेतल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो.

आदरणीय मॅडम,

गणिताच्या पेपरच्या दिवशी पहाटे तिच्या पोटात दुखू लागले. हे दुखणे चाचणीच्या दिवशीच येते, सुट्टीत कधी येत नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, पोटाचा आजार नाही. त्या पेपरात तिसऱ्याच प्रश्नाला ती अडली, हात थरथरू लागले आणि पुढचे प्रश्न वाचूनही कळेनात. ऐंशीपैकी जेमतेम पन्नास गुणांचे तिने सोडवले. दोन दिवसांनी तोच पेपर तिने घरी, घड्याळ न लावता सोडवला. दोनच उदाहरणे चुकली. म्हणजे अभ्यास झालेला आहे, पण भीतीने डोके व्यापले की आकडेमोडीला जागा उरत नाही. म्हणून जादा शिकवणीने हे सुटेल असे आम्हाला वाटत नाही.

तिला परीक्षेतून सूट द्या, अशी माझी विनंती नाही. रंगरूट पहिल्यांदा गोळी झाडतो तेव्हा आवाजाच्या धास्तीने ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतो. त्याला रेंजवरून परत पाठवले तर त्या क्षणी बरे वाटते, पण पुढच्या वेळी धास्ती वाढलेली असते. म्हणून आम्ही आधी रिकाम्या रायफलवर सराव घेतो, मग पॉइंट टू टूवर, आणि त्यानंतर मोठ्या रायफलवर. तिच्यासाठीही अशाच पायऱ्या हव्यात.

सुरुवातीला आपल्या खोलीत, आपण समोर असताना, दहा मिनिटांचे एक पान. मग वीस मिनिटे, घड्याळ लावून. त्यानंतर चार-पाच मुलींबरोबर आणि शेवटी वर्गातली नेहमीची चाचणी. एक पायरी दोनदा शांतपणे पार पडली की पुढची. बिघडले तर एक पायरी खाली, पण सराव बंद नको.

परीक्षेत तिला दाराजवळची जागा मिळावी आणि घाबरल्यावर काही न विचारता दोन मिनिटे बाहेर जाता यावे. बाहेर तिने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. जादा वेळ नको, पण परत येऊन तिने त्याच बाकावर बसायला हवे. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांच्या वाचनात येणारे प्रश्न मनाशी हेरावेत आणि पेपर लिहिताना तीन मिनिटांत वाट सापडली नाही तर तो प्रश्न सोडून पुढे जावे. हे शेवटचे आम्ही घरीही करून घेतो.

आता संपर्काविषयी. इथे मला रात्री आठ ते नऊच फोन लागतो, तेव्हा पहिला फोन तिच्या आईला करावा. मात्र ती नुसती घाबरली तर लगेच घरी बोलावणे करू नये. आई घ्यायला आली की तीही पळवाट होते. दर शुक्रवारी चार ओळी पुरतील: काय करून पाहिले, शांत व्हायला किती वेळ लागला, ती जागेवर परतली का, पुढची पायरी कोणती. त्यात गुण नकोत. घरचे आम्हीही तसेच कळवू. हे वर्गशिक्षिका आणि गणिताच्या सरांनाच ठाऊक असावे. पर्यवेक्षकांना फक्त दाराजवळची जागा आणि दोन मिनिटांची मुभा सांगितली तरी चालेल.

झोप किंवा जेवण तुटले, ती शाळेतच यायला तयार होईना, किंवा सहा-आठ आठवड्यांत फरक दिसला नाही, तर आम्ही लष्करी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. जिवाचे बरेवाईट करण्याचा शब्द तिच्या तोंडून निघाला, तर शुक्रवारची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करावा.

आपला,
एक पालक

मॅडमचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. सगळे मान्य होते, फक्त दोन दुरुस्त्या होत्या. बाहेर जाताना तोंडाने विचारायला नको, बाकावर एक निळे कार्ड उलटे ठेवले की पुरे. आणि शुक्रवारच्या चार ओळी मुलगीच लिहील, मॅडम खाली सही करतील. आमच्या योजनेत ती फक्त वाचणार होती. आता मोजमापही तिच्याच हातात गेले.

पहिल्या शुक्रवारी आईने त्या कागदाचा फोटो पाठवला. "दहा मिनिटांचे पान केले. शांत व्हायला सहा मिनिटे लागली. कार्ड एकदा उलटे केले, परत येऊन बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा दहाच मिनिटे."