खालाचं नाव सापडलं, पण माहेरी

मागच्या महिन्यात भाच्याने मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बनवला: मतदार यादीत नाव कसं तपासायचं. त्यातलं एक वाक्य मी काढायला लावलं, 'आपली नावं कापू देऊ नका'. ते गेल्यावर व्हिडिओ कोणालाही दाखवता येईल असा झाला.

त्यात दाखवलेली रीत सोपी आहे. electoralsearch.eci.gov.in उघडायचं. तिथे मतदार ओळखपत्राच्या नंबरावरून, मोबाइलवरून किंवा नाव-गाव भरून शोधता येतं. कार्डावरचा नंबर म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात अंक. तो आणि राज्य भरायचं, चित्रातली अक्षरं टाइप करायची आणि शोधायचं. नाव सापडलं की यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र हे लिहून घ्यायचं.

पहिली प्रेक्षक आमची खाला. तिच्याकडचं कार्ड जुनं, MT ने सुरू होणारा, तिरप्या रेघांचा लांबलचक नंबर. तो टाकला, काहीच आलं नाही. ती म्हणाली, "कार्ड आहे ना बेटा, मग नाव असणारच." भाचा गडबडला, कारण व्हिडिओत आम्ही हे सांगितलंच नव्हतं. कार्ड ही फक्त ओळख आहे, मत यादीतल्या नावावर देता येतं.

मग नाव-गाव भरून शोधलं. 'रुखसाना' लिहिलं, नाही. 'रुकसाना' लिहिलं, तरी नाही. आपल्या नावांचं हे नेहमीचंच. शेख, सय्यद, खान या शब्दांचं स्पेलिंग प्रत्येक कर्मचाऱ्याने आपापल्या परीने लिहिलेलं असतं. पण इथे अडचण वेगळी होती. नातेवाइकाच्या रकान्यात आम्ही खालूंचं नाव भरत होतो. शेवटी तिच्या अब्बांचं नाव आणि माहेरचा जिल्हा, विधानसभा मतदारसंघ टाकला. आली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण यादीत ती अजून वडिलांच्याच घरी होती.

शेजारच्या एका भल्या माणसाने 'नवा फॉर्म 6 भरून टाका' असं सांगितलं. तो पहिल्यांदा नाव नोंदवण्यासाठी असतो. तिचं नाव आधीच यादीत होतं, आणि दोन ठिकाणी नोंद ठेवायला कायदा परवानगी देत नाही. पत्ता बदलायचा किंवा चूक दुरुस्त करायची तर फॉर्म 8. नव्या पत्त्याच्या पुराव्यासह आम्ही तो भरला आणि मिळालेला संदर्भ क्रमांक तिच्या पाकिटात ठेवला. हे सगळं निवडणूक लागायच्या आधीच करावं लागतं, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत उलटली की त्या निवडणुकीपुरता यादीत बदल होत नाही.

भाच्याने मग व्हिडिओत थोडी भर घातली. 'नंबराने सापडलं नाही तर घाबरू नका, नावाचं स्पेलिंग बदलून बघा, आणि बायकांनी वडिलांचं नावही टाकून बघा.' खाला तिथेच बसली होती. ती म्हणाली, "माझं नाव नको घेऊस त्यात."