बोल्ला, दोगाना आणि उद्यमबागेतली मशीन

आमच्या बेळगावात मराठी आणि कन्नड या दोन भाषांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. शब्द ओळखीचा वाटला तरी तो समोरच्याच्या घरी कोणत्या अर्थाने नांदतो, हे विचारून घ्यायचे. इटालियन कागद वाचताना मला ही सवय व्याकरणापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

कॉलेजमध्ये मी इंग्रजी शिकवते. एम.ए. झाल्यावर मुंबईला असताना दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इटालियन शिकले होते, ते निव्वळ हौसेपोटी. पुढे उद्यमबागेतल्या एका मशीन आयात करणाऱ्या कारखानदारांना हे कुणाकडून तरी कळले. तेव्हापासून वर्षातून चार-सहा वेळा त्यांच्याकडून फाईल येते. उत्तर इटलीतल्या लहान-मोठ्या वर्कशॉपमधून ते वापरलेल्या मशीन घेतात. जहाजाचे कागद इंग्रजीत असतात. पण वर्कशॉपपासून जेनोवा बंदरापर्यंतचे कागद इटालियनमध्येच असतात, आणि कस्टम्सकडे काम पाहणाऱ्या एजंटला त्यांचे इंग्रजी भाषांतर लागते.

या फाईलमध्ये सर्वांत जास्त घोळ घालणारा कागद म्हणजे ‘बोल्ला’. ऐकायला तो आपल्या ‘बिला’सारखा वाटतो आणि कारखान्यातली मंडळी त्याला बिलच समजतात. शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ मिळतो ‘बुडबुडा’. दोन्ही अर्थ इथे कामाचे नाहीत. लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा, आणि त्याच आकाराची म्हणून कागदाला लावलेली गोल मोहरही. मोहरेवरून मोहर लावलेला कागद, असा हा शब्द सरकत आला. व्यापारात बोल्ला म्हणजे मालाबरोबर जाणारी पावती : माल कोणी पाठवला, कोणाला, किती डाग, कशासाठी. तिच्यावर बहुतेक वेळा किंमत नसतेच. किंमत असते ‘फात्तूरा’वर, म्हणजे आपल्या बिलावर. बोल्ला हेच बिल समजून एजंटकडे पाठवले, तर तो विचारणार, ‘रक्कम कुठे आहे?’

इटलीत १९७८ मध्ये मालाच्या प्रत्येक गाडीबरोबर अशी बोल्ला ठेवणे सक्तीचे झाले. १९९६ मध्ये ती पद्धत रद्द होऊन तिच्या जागी ‘दोकुमेंतो दी त्रास्पोर्तो’ म्हणजे वाहतुकीचा साधा दाखला आला. त्याचे लघुरूप डीडीटी. आपल्याकडे डीडीटी म्हटले की फवारणीची पावडर आठवते, त्यामुळे पहिल्या वेळी कारखान्यात बराच हशा पिकला. पण इटलीतले ड्रायव्हर आणि गोदामवाले अजूनही त्या कागदाला बोल्लाच म्हणतात. शिवाय कस्टम्सकडे नोंदवायच्या कागदालाही ‘बोल्ला दोगानाले’ म्हणतात. एकाच नावाचे दोन वेगळे कागद. म्हणून भाषांतर करण्याआधी मी कागदाचा माथा पाहते. निर्यातीच्या कस्टम्सच्या कागदावर अठरा अक्षर-अंकांचा एक नोंदणी क्रमांक असतो. त्यात आधी वर्षाचे दोन अंक आणि मग इटलीची आय-टी ही अक्षरे येतात. तो क्रमांक नसेल आणि ट्रकवाल्याची सही असेल, तर ती साधी वाहतुकीची पावती.

‘दोगाना’ म्हणजे कस्टम्स. हा शब्द मात्र आपल्या घरातला निघाला. फारसीतून अरबीत गेलेला ‘दीवान’ भूमध्य समुद्राच्या व्यापारातून इटलीत पोहोचला आणि तिथे जकातीच्या कचेरीचे नाव झाला. तोच दीवान पूर्वेकडे येऊन आपला दिवाणखाना, दिवाणी कोर्ट आणि म्हैसूरचे दिवाण झाला. मी हे सांगितले तेव्हा कारखान्यातले हिशेबनीस पाटीलकाका म्हणाले, “म्हणजे मॅडम, विश्वेश्वरय्यांची कचेरी आणि इटलीचा जकात नाका भाऊ-भाऊ?” भाऊच म्हणायचे, पण वाटण्या होऊन फार काळ लोटलेला.

आता एका फाईलची हकीगत सांगते. वापरलेली एक मशीन येणार होती, चार डागांत. इटालियनमध्ये डागाला ‘कोल्लो’ म्हणतात, अनेकवचन ‘कोल्ली’. कोल्लो म्हणजे मान, हाही त्याचा अर्थ आहे, तो इथे विसरायचा. यादीत मशीनचे वजन ७.८५० किलो, कूलंटच्या टाकीचे ६४०, लोखंडाचा चुरा बाहेर काढणाऱ्या पट्ट्याचे ४१० आणि पाने-कोलेट यांच्या खोक्याचे १२,५०० किलो लिहिले होते.

कारखान्यातल्या मुलाने घाईने हे आकडे कॉम्प्युटरवर जसेच्या तसे चढवले. त्यामुळे मशीन झाली पावणेआठ किलोच्या थोडी वर आणि पान्यांचे खोके झाले साडेबारा टनांचे. बेरीज आली तेरा हजार पाचशे सत्तावन्न किलोंच्या पुढे. जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर मात्र ८,९१२.५ होते. वजनात एवढा फरक दिसला की एजंट कागद पुढे सरकवत नाही. मोकळे दिवस संपल्यावर बंदरात कंटेनरचे भाडे रोज चढत राहते, आणि ते भरायचे आयात करणाऱ्यानेच.

कारण अगदी साधे होते. इटलीत हजारांच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम, बरोबर आपल्या उलट. म्हणजे मशीन सात हजार आठशे पन्नास किलोंची आणि खोके साडेबारा किलोंचे. पण नुसता नियम माहीत असून भागत नाही. काही वर्कशॉप परदेशी गिऱ्हाइकासाठी इंग्रजी पद्धतीने लिहितात, तर काही एकाच पानावर दोन्ही पद्धती वापरतात. म्हणून मी दरवेळी यादीतली बेरीज स्वतः करते. सात हजार आठशे पन्नास, सहाशे चाळीस आणि चारशे दहा मिळून आठ हजार नऊशे. त्यात साडेबारा मिळवले की आठ हजार नऊशे साडेबारा. यादीच्या तळाशी लिहिले होते ८.९१२,५००. एका आकड्यात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही आले की शंका उरत नाही, शेवटचे चिन्ह दशांशाचे. भाषांतरात मी आकडा आपल्या पद्धतीने लिहिला आणि मूळ आकडा कसा छापला आहे ते तळटीपेत दिले.

वजनाचा गुंता सुटल्यावर मालक दुसराच कागद घेऊन आले. “मॅडम, यात स्पिंडल लिहिलाय. चार डागांत स्पिंडल कुठाय?” दुसरी एक बोल्ला फाईलमध्ये होती, एका दुरुस्तीच्या वर्कशॉपची. मालकांची समजूत अशी की एक जादा स्पिंडल मिळायला हवा होता आणि विकणाऱ्याने तो पाठवलाच नाही. इटलीला रागाचा फोन जाण्याच्या बेतात होता.

बोल्लावर ‘काऊझाले’ नावाचा एक रकाना असतो. काऊझाले म्हणजे माल हलवण्याचे कारण. विक्री असेल तर ‘वेंदिता’, दुरुस्तीसाठी जात असेल तर ‘कोंतो रिपाराझ्योने’. या कागदावर होते ‘रेझो दा कोंतो रिपाराझ्योने’, म्हणजे दुरुस्तीनंतर परत. पाठवणारा दुरुस्तीवाला, घेणारा आपला विक्रेता. याचा अर्थ स्पिंडल विक्रेत्याचाच होता. तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत आला होता. त्यावर ‘मात्रीकोला’ म्हणजे अनुक्रमांक होता. (इटलीत विद्यार्थ्याच्या नोंदणी क्रमांकालाही मात्रीकोलाच म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला विसरता येत नाही.) मशीनच्या दुरुस्तीच्या वहीत तोच क्रमांक सापडला. स्पिंडल मशीनमध्येच बसवलेला होता. फोन गेला, पण खात्री करून घेण्यापुरता. जादा नग म्हणून तो कस्टम्सला दाखवला असता, तर कंटेनरमध्ये नसलेल्या वस्तूचा खुलासा करत बसावे लागले असते.

तिसरी अडचण किमतीची. फात्तूरावर ‘फ्रांको फाब्ब्रिका’ होते. आधी कुणीतरी त्याचे ‘फ्री फॅक्टरी’ करून ठेवले होते, त्यामुळे किमतीत सगळे आले असा समज झाला होता. त्याचा अर्थ आहे माल कारखान्याच्या दारात मिळेल. तिथून पुढचा खर्च गिऱ्हाइकाचा. आपले कस्टम्स मालाची किंमत भारतातल्या बंदरापर्यंतच्या भाड्यासह आणि विम्यासह धरते. भाड्याचा आकडा दाखवता आला नाही, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या २० टक्के भाडे म्हणून धरले जाते. खरे भाडे त्याहून कमी असेल, तर जादा ड्युटी भरावी लागते. म्हणून वर्कशॉप ते जेनोवा ट्रकची पावती आणि जहाजाच्या भाड्याची पावती, दोन्ही मागवून घेतल्या. बिल ऑफ लेडिंगला इटालियन लोक ‘पोलित्सा दी कारिको’ म्हणतात आणि ‘पोलित्सा’ विम्याच्या पॉलिसीलाही म्हणतात. त्यामुळे विम्याचा कागद फाईलमध्ये आहे असे सगळे धरून चालले होते. तो नव्हताच. तोही मागवला.

भाषांतर करणारीने कुठे थांबावे, हेही या कामात ठरवून घ्यावे लागते. मशीन कोणत्या शुल्क-क्रमांकात बसते हे मी सांगत नाही. इटालियन कागदावर क्रमांक छापलेला असतो आणि त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. पण पुढचे अंक प्रत्येक देशाचे आपले, ते एजंटने ठरवायचे. मूळ कागदात चूक दिसली, तरी ती भाषांतरात दुरुस्त करत नाही. जसे आहे तसे लिहून खाली टीप देते आणि दुरुस्त कागद विक्रेत्याकडून मागवायला सांगते. बोल्ला, दोगाना यांसारखे शब्द इंग्रजी अर्थाशेजारी मूळ रूपातही ठेवते, म्हणजे तपासणाऱ्याला मूळ पानावर बोट ठेवता येते.

ती मशीन आता चालू आहे. पाटीलकाकांनी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे, अर्धी मराठीत आणि अर्धी कन्नडमध्ये : टिंब म्हणजे हजार, स्वल्पविराम म्हणजे दशांश, काऊझाले आधी वाचा, बेरीज करा. पुढची फाईल आली, तेव्हा बेरीज करूनच आली होती.