नाव न घेता सांगायची गोष्ट

मुंबईतल्या एका कंपनीत व्यवस्थापकीय संचालकांच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंटची जागा निघाली होती. अर्जात बायोडेटा, अनुभव वगैरे झाल्यावर एक प्रश्न होता: तुमची दूरदृष्टी आणि गोपनीयतेची जाण दाखवणारं कॅलेंडरचं किंवा प्रवासाचं एकच उदाहरण अडीचशे शब्दांत लिहा. मी अनेक वर्षं पुण्यात हेच काम केलं आहे, त्यामुळे उदाहरणांची वाण नव्हती. नेमकं कुठलं सांगायचं, हे मात्र चटकन ठरेना.

सगळ्यांत मोठं उदाहरण मी आधी बाजूला ठेवलं. एका मोठ्या व्यवहाराच्या वाटाघाटींसाठी सरांच्या महिनाभराच्या भेटी मी जमवल्या होत्या आणि ऑफिसात कुणाला त्याची चाहूलही लागली नव्हती. ते लिहिलं असतं तर वाचणारा नक्कीच प्रभावित झाला असता. पण माझ्या बायोडेटात कंपनीचं नाव आणि वर्षं आहेत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे तिच्या घोषणा सगळ्यांना वाचायला मिळतात. नाव गाळूनही ‘एक मोठा व्यवहार’ एवढं लिहिलं की दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्याला पाच मिनिटांत उलगडा होतो. शिवाय अशा व्यवहारांमागे न झालेल्या व्यवहारांच्या गोष्टीही असतात, आणि त्यांची तर कधीच घोषणा होत नाही. सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत, किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती हाताळणारे सेक्रेटरीसारखे सहायक कर्मचारीही धरले आहेत. म्हणजे मी फक्त डायरी सांभाळत होते, असं म्हणून मला सुटता येत नाही. जे गुपित राखल्याचा अभिमान वाटतो ते अर्जात पुरावा म्हणून वापरणं मला पटेना.

म्हणून मी एक साधा दिवस निवडला. मार्चअखेरचा सोमवार. वर्ष मी अर्जात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. ज्या गोष्टीवर सगळा पेच उभा होता ती दरवर्षी घडते, त्यामुळे वर्षावाचून काही अडतही नाही.

सरांना त्या सोमवारी सकाळी दहाला जर्मनीत एक भेट होती. हॉटेलपासून गाडीने अर्धा तास. ही भेट कुणाशी आणि कशासाठी, हे कंपनीत मोजक्याच माणसांना माहीत होतं. त्याच दिवशी इथे संचालक मंडळाची दीड तासाची बैठक होती, तिला सर व्हिडिओवरून हजर राहणार होते. बैठकीची वेळ महिनाभर आधी बोलण्याबोलण्यात ठरली होती: आपल्याकडचे दुपारचे बारा. सगळा हिवाळा जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणजे तिथे सकाळचे साडेसात, नऊला बैठक संपणार, सव्वानऊला गाडी, दहाच्या आत सर भेटीला हजर. सगळं चोख दिसत होतं.

पण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. आपली घड्याळं वर्षभर जागची हलत नाहीत, त्यामुळे त्या दिवसापासून अंतर साडेतीन तासांवर येतं. सर शनिवारी मध्यरात्रीनंतर मुंबईहून निघून रविवारी सकाळी पोचणार होते, म्हणजे घड्याळ बदलल्यावर काही तासांतच. सोमवारी आपले बारा म्हणजे तिथले साडेआठ, आणि बैठक संपायला बरोबर दहा. ज्या मिनिटाला सरांनी यजमानांच्या दारात असायचं, त्या मिनिटाला ते हॉटेलच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर असणार होते.

मी परदेशप्रवासाचा दिवस आखताना आउटलुकमध्ये दोन वेळांचे दोन रकाने शेजारी ठेवते, इथला आणि तिथला. प्रत्येक नोंद तिच्या मूळ ठिकाणच्या वेळेने टाकते आणि उरलेलं गणित कॅलेंडरवर सोडते. मध्ये गाडीचा वेळ, सुरक्षा तपासणीचा वेळ, चहा-नाश्त्याचा वेळ हे वेगळे चौकोन म्हणून आखते, कारण नुसत्या बैठका टाकल्या की दिवस मोकळा दिसतो. त्या सोमवारी गाडीचा चौकोन बसायला जागाच उरली नाही, तेव्हा मी तारीख पाहिली आणि कारण कळलं. एजंटने पाठवलेल्या वेळापत्रकाच्या कागदावर हे दिसलं नसतं. तिथे फक्त विमानं आणि हॉटेल होतं. विमानाची वेळ मात्र मी पुन्हा तपासून घेतली, कारण विमान कंपन्यांचा उन्हाळी हंगामही त्याच रविवारी सुरू होतो आणि आदल्या आठवड्याची वेळ त्या दिवशी चालेलच असं नसतं.

आता हलवायचं काय? जर्मनीतली भेट हलवणं म्हणजे यजमानांच्या बाजूच्या चार-पाच माणसांची सकाळ विस्कटणं, आणि निरोपांची ये-जा वाढली की ज्यांना कळू नये त्यांनाही काहीतरी आहे हे कळतं. त्यामुळे इथली बैठकच एक तास अलीकडे घेणं सोपं होतं. फक्त ते कंपनी सेक्रेटरींच्या हातून व्हायला हवं होतं. कंपनी कायदा 2013 प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीची नोटीस किमान सात दिवस आधी जावी लागते. ती निघालेली नव्हती. नोटीस निघाल्यावर वेळ बदलणं म्हणजे प्रत्येक संचालकाला नव्याने कळवणं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: का? नोटीस निघायच्या आधी वेळ बदलली तर तो प्रश्नच येत नाही. म्हणून मी त्याच दुपारी सेक्रेटरींना भेटून सांगितलं, “सरांसाठी अकरा ते साडेबारा ही वेळ सोयीची आहे, नोटिशीत तीच घ्याल का?” त्यांनी बाकीच्यांची वेळ पाहून अकरा केली. सरांसाठी पुन्हा साडेसात ते नऊ.

दुसरी अडचण दिसायला नियम वाचलेले असावे लागतात. व्हिडिओवरून हजर राहणाऱ्या संचालकाला बैठकीच्या सुरुवातीच्या हजेरीत आपण कुठून बोलतो आहोत ते सांगावं लागतं, आणि त्या जागी आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही, हेही. म्हणजे दोन गोष्टी ठरल्या. एक, उशीर झालाच तर सर गाडीतून जोडले जातील ही सोय बाद, कारण गाडीत चालक असतो. हॉटेलातलं कॉफी शॉपही बाद. बंद दाराची खोली हवी, आणि तिथलं इंटरनेट रविवारी सायंकाळीच तपासायला हवं. दोन, सर जर्मनीत आहेत हे संचालकांपासून लपणारच नाही. ते लपवायची गरजही नव्हती. लपवायचं होतं ते भेटीचं कारण. पण ही गोष्ट सरांना ऐन हजेरीच्या वेळी आठवली असती तर एखादा जास्तीचा शब्द निघून गेला असता. म्हणून मी त्यांना आधी सांगितलं, “सर, हजेरीत शहराचं नाव घ्यावं लागेल. अध्यक्षांना त्याआधी काही सांगायचं असेल तर आठवडा हातात आहे.” अध्यक्षांशी त्यांनी स्वतः बोलून घेतलं. काय बोलले ते मी विचारलं नाही.

उरलेली खबरदारी रोजच्या कामातली होती. सरांचं कॅलेंडर ऑफिसातल्या बऱ्याच जणांना विषय आणि ठिकाणासह दिसत असे. मी त्या दिवसांवर ‘व्यग्र’ एवढीच खाजगी नोंद ठेवली आणि ठिकाणाची जागा रिकामी सोडली. ट्रॅव्हल डेस्कला शहर आणि तारखा दिल्या, यजमानांचा पत्ता नाही. भेटीची गाडी हॉटेलमार्फत घेतली. सरांकडे अनेक वेळा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा शिल्लक होता हे सुदैव. नाहीतर यजमानांचं निमंत्रणपत्र अर्जाला जोडावं लागतं आणि ते नाव चार टेबलांवरून फिरतं. या सगळ्यात मी कुणाशी खोटं बोलले नाही. कुणी विचारलं तर “सर सोमवारी सायंकाळनंतर उपलब्ध आहेत” असं सांगायचे. ते खरं होतं, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

हे सगळं अडीचशे शब्दांत मावत नाही. पहिल्या मसुद्यात मी व्हिसा, हॉटेल, कॅलेंडरची परवानगी सगळंच कोंबलं होतं. मग एकच धागा ठेवला. शहर गेलं, व्यवसायाचं क्षेत्र गेलं, बैठकीचा विषय गेला. तास आणि मिनिटं तशीच ठेवली, कारण माझी पारख त्यांच्यातूनच दिसते आणि त्यांतून कुणाचं काही उघडं पडत नाही. ‘मी अत्यंत विश्वासू आहे’ असं एकही वाक्य लिहिलं नाही. अर्ज इंग्रजीत होता, त्याचा गाभा मराठीत सांगायचा तर असा:

“वरिष्ठांच्या युरोप दौऱ्यात एक गोपनीय भेट आणि संचालक मंडळाची बैठक एकाच सकाळी होत्या. तिथली घड्याळं आदल्या दिवशी पुढे जाणार असल्याने दोन्हींमधला एक तास नाहीसा होत होता. नोटीस निघण्याआधी मी बैठकीची वेळ बदलून घेतली. व्हिडिओवरील हजेरीत ठिकाण सांगावं लागतं याची वरिष्ठांना आठवडाभर आधी कल्पना दिली, म्हणजे कुणाला काय आधी सांगायचं हे त्यांना ठरवता आलं. वेळ बदलल्याचं कारण कुणालाही द्यावं लागलं नाही.”

मुलाखतीला बोलावणं आलं. समोर मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. त्यांनी अर्जाचा तो भाग पुढे ओढला आणि सरळ विचारलं, “कुणाला भेटायला गेले होते ते?”

“ते नाही सांगता येणार, मॅडम. दिवस कसा आखला ते हवं तेवढं सांगते.”

“आता तर तुम्ही ती कंपनी सोडताय.”

“कंपनी सोडली तरी भेट त्यांचीच राहते.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत, मग कागद-पेन्सिल माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “काढून दाखवा.” मी दोन रकाने काढले आणि गाडीचा चौकोन कुठे बसत नव्हता ते दाखवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं परत मागे येतात तेव्हा उलटं काय होतं, हे त्यांनी विचारलं. अंतर पुन्हा साडेचार तासांचं होतं, सरांना तिथे तासभर आधी उठावं लागतं, आणि अमेरिका त्यात असेल तर तिची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणून मधला आठवडा वेगळा तपासावा लागतो, असं मी सांगितलं.

मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. “समजा अशा दौऱ्यात सरांच्या घरून फोन आला. वडिलांना दवाखान्यात नेलंय, सर कुठे आहेत? सरांचा फोन बंद. तुम्ही काय सांगाल?”

हा प्रश्न मला आवडला, कारण गोपनीयतेची खरी कसोटी अशाच वेळी लागते. मी म्हणाले, “हे मी तेव्हा ठरवत नाही, निघायच्या आधी सरांना विचारून ठेवते. घरी शहर आणि हॉटेल सांगायचं का, भेट चालू असताना कुठल्या कारणासाठी चिठ्ठी आत पाठवायची, आणि माझा फोन लागला नाही तर पूर्ण वेळापत्रक ऑफिसात आणखी कुणाकडे असेल. तुम्ही म्हणता तो फोन आला तर घरच्यांना म्हणेन, वहिनी, मी दहा मिनिटांत सरांशी बोलणं करून देते. आणि यजमानांच्या असिस्टंटला फोन करून चिठ्ठी आत पाठवेन. तिचा थेट नंबर माझ्याकडे आधीच असतो.”

“चिठ्ठीत काय लिहाल?”

“घरी फोन करा, तातडीचं. बस. त्या टेबलावर समोरची माणसंही वाचू शकतात.”