सुट्टीचा व्हिडिओ : चाळीस सेकंदांत काय सांगावं?



दत्तजयंती जवळ आली की आमच्या सारंगखेड्यात तापीकाठी यात्रा भरते. घोडेबाजार, चेतक महोत्सव, पाहुणे, सगळं एकदम सुरू होतं. यंदा दत्तजयंती ४ डिसेंबर २०२५ ला आहे. या दिवसांत गणिताचे नवे व्हिडिओ टाकायचे नाहीत, असं मी आधीच ठरवलंय. मग तसं सांगणारा छोटा व्हिडिओ कसा करायचा? माझी पद्धत सांगते.

चाळीस सेकंदांत सावकाश बोललं तर साधारण ऐंशी शब्द बसतात. त्यातले वीस-पंचवीस माफी मागण्यातच गेले तर कामाचं सांगायला जागा उरत नाही. शिवाय तीन-तीनदा 'सॉरी' ऐकलं की पालकांना वाटतं, ताईंचं काहीतरी बिनसलंय, आता बंदच होणार बहुतेक. ठरवून घेतलेल्या सुट्टीला माफी लागत नाही. तारीख मात्र लागतेच.

मी बोलणार आहे ते असं :

"नमस्कार. १ ते २१ डिसेंबर नवे व्हिडिओ येणार नाहीत. आपल्या गावची यात्रा आहे. तोवर हातच्याच्या वजाबाकीचे पाच व्हिडिओ पुन्हा बघा आणि वहीत रोज दोनच गणितं सोडवा. सोमवार, २२ डिसेंबरला सकाळी सात वाजता भागाकार सुरू करू. काड्या आणि चिंचोके जमवून ठेवा. भेटूच!"

सुट्टीची गोष्ट पहिल्याच वाक्यात आहे, कारण सुरुवात लांबली की बघणाऱ्याचं बोट पुढे सरकतं. कारण एका वाक्यात संपतं. 'उद्यापासून' किंवा 'तीन आठवड्यांनी' असे शब्द मुद्दाम टाळलेत. छोटा व्हिडिओ काहींना आठ-दहा दिवसांनीही दिसतो, तेव्हा त्यांचा 'उद्या' कोणता? दोन्ही तारखा पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. चिंचोके जमवायला सांगितले की मुलं स्वतःच २२ तारखेची आठवण करून देतात.

यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये वर्णनात दिलेली लिंक दाबून उघडत नाही. म्हणून स्टुडिओत Related video या ठिकाणी वजाबाकीचा पहिला व्हिडिओ जोडायचा.

परतीची तारीख पाळता येईल अशीच द्या. यात्रेची धावपळ ओसरायला वेळ लागतो, म्हणून भागाकाराचा पहिला व्हिडिओ मी नोव्हेंबरातच तयार करून २२ तारखेच्या वेळेवर लावून ठेवणार आहे. त्या दिवशी सुट्टीचा व्हिडिओ खासगी करायचा, नाहीतर जानेवारीतही कुणीतरी समजेल की ताई सुट्टीवरच आहेत.

टाकण्याआधी तो एका पालकाला एकदाच दाखवा आणि विचारा, "नवीन व्हिडिओ कधी येणार?" तारीख पटकन सांगितली, तर व्हिडिओ जमला. अडखळले, तर शब्द कमी करा.